श्रद्धा आणि स्वातंत्र्य : वाळीत टाकलेल्याचा धर्म

प्रार्थनास्थळासमोरून वाजतगाजत जाणाऱ्या मिरवणुकीचा प्रश्न आज घेणार होतो, पण तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. ताडकळसच्या एका वाचकाने विचारले आहे की, सरकारने धर्मात लुडबूड करायची नाही, हे मान्य. मग जमातीनेच एखाद्याला वाळीत टाकले तर त्याने दाद कुठे मागायची? या प्रश्नाला हात घातल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही, कारण धर्मस्वातंत्र्य म्हटले की आपल्याला दोन धर्मांमधले भांडणच आठवते. श्रद्धावानाची खरी अडचण पुष्कळदा त्याच्या स्वतःच्याच धर्मात असते.

मुंबई प्रांताने 1949 मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. ताडकळसचा परभणी जिल्हा तेव्हा त्या प्रांतात नव्हता. जमातीतून काढून टाकल्यामुळे माणसाचे दिवाणी हक्क जात असतील, तर तो बहिष्कारच या कायद्याने रद्द ठरवला होता. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1962 मध्ये पाचपैकी चार न्यायमूर्तींनी कायदा घटनाबाह्य ठरवला. पंथाची शिस्त राखण्यासाठी धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करणे हा पंथाच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे आणि अनुच्छेद 26 त्याला संरक्षण देतो, असा बहुमताचा आधार होता. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा एकटे वेगळे पडले. बहिष्कृताची अवस्था अस्पृश्यासारखी होते आणि कायदा त्याचे माणूसपण जपतो, असे त्यांना वाटले.

मला सिन्हांची बाजू पटते. मात्र बहुमताचा मुद्दा फुसका नाही. गुरूला न मानणाऱ्याला पंथात ठेवायची सक्ती झाली, तर पंथ उरेलच कसा? पण अनुच्छेद 25 ने श्रद्धेचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला आहे, आणि काढलेला माणूसही श्रद्धावानच असतो. त्याला मशिदीत येऊ देऊ नये, धार्मिक पद देऊ नये, इथवर पंथाचे ऐकता येईल. आईबापांच्या कबरीशेजारी दफनाला जागा नाकारणे, सोयरीक मोडायला लावणे, दुकानावर कोणी जाऊ नये असा हुकूम काढणे, ही मात्र श्रद्धेची शिस्त नव्हे. कोणी म्हणेल, कब्रस्तान जमातीच्याच मालकीचे आहे. खरे आहे; पण लहान गावात त्याच्या रीतीने दफन करायला दुसरी जागा कुठे असते? इतर धर्मीयांनी जागा दिली तरी त्याचे समाधान होणार नाही, कारण त्याचा विश्वास अजून आपल्याच धर्मावर आहे.

महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने जातपंचायतींच्या अशाच हुकमांबद्दल तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. ताडकळसमध्ये दाद मागायची तर आज आधार त्याचा. मात्र 1962 चा निकाल अजून रद्द झालेला नाही. 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींनी त्याच्या फेरविचाराचा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.