संपादकीय : टोमॅटो कर्जावर येत नाही

रिझर्व्ह बँकेने मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला. तरीही जुलै 2023 मध्ये किरकोळ महागाई 7.44 टक्क्यांवर पोचली आणि टोमॅटोने किलोला शंभरी केव्हाच ओलांडली. मग व्याजदर वाढवून काय साधलं, असा प्रश्न आमच्या मेसमध्येही विचारला गेला. प्रश्न रास्त आहे.

रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर. तो वाढला की कर्जं महागतात. वीस वर्षांसाठी घेतलेल्या 20 लाखांच्या गृहकर्जाचा व्याजदर 7 वरून 9.5 टक्के झाला, तर हप्ता साधारण 15,500 रुपयांवरून 18,600 वर जातो. महिन्याला तीन हजार जास्त गेले की त्या घरातली नवी गाडी, नवा फ्रीज पुढे ढकलला जातो. मागणी घटते आणि दुकानदाराला भाव वाढवताना विचार करावा लागतो. या सगळ्याला वर्ष-दीड वर्ष लागतं.

टोमॅटो मात्र कोणी कर्ज काढून घेत नाही. त्या वर्षी मे महिन्यात नाशिककडच्या शेतकऱ्यांनी भाव नाही म्हणून माल रस्त्यावर ओतला होता. पुढची लागवड साहजिकच कमी झाली, त्यात पाऊस आणि रोगाची भर पडली. बाजारात मालच कमी असेल तर व्याजदर काय करणार? आणि आपल्या महागाई निर्देशांकात तेव्हा खाण्यापिण्याचा वाटा जवळजवळ 46 टक्के होता.

म्हणून दरवाढ वाया गेली असं नाही. अन्न आणि इंधन वगळून मोजलेली महागाई या काळात सातच्या आसपासवरून पाचच्या आसपास उतरली. रिझर्व्ह बँकेला खरी भीती वेगळी असते : भाजी महागली म्हणून मेसवाला दर वाढवतो, मग कामगार पगारवाढ मागतात, आणि भाजी उतरली तरी मेसचा दर उतरत नाही. ही साखळी व्याजदराने थोपवता येते.

आणखी एक घोटाळा आपण नेहमी करतो. महागाई ‘कमी झाली’ म्हणजे भाव उतरले, असं नव्हे. 100 रुपयांची वस्तू 7 टक्क्यांनी वाढून 107 झाली आणि पुढच्या वर्षी महागाई 5 टक्क्यांवर आली, तरी ती 112 रुपयांच्या वर जाते. चढण सौम्य झाली, एवढंच.

सप्टेंबर 2023 मध्ये महागाई 5.02 टक्क्यांवर आली. दरम्यान रेपो दर पाव टक्क्यानेही वाढला नव्हता; बाजारात टोमॅटोचं नवं पीक आलं होतं.