कुपीवरचा उजेड

अत्तराची चकचकीत बाटली स्टुडिओतल्या टेबलावर ठेवली की कॅमेऱ्याला त्या बाटलीत आधी सगळी खोली दिसते. ट्रायपॉडचे पाय, छतावरची ट्यूबलाइट, फोटोग्राफरचा पांढरा शर्ट, सगळं त्या वीतभरही उंची नसलेल्या काचेत उमटतं. म्हणून हे काम करणारी मंडळी अंगात काळे कपडे घालतात, खोलीत अंधार करतात आणि मगच पहिला दिवा लावतात. आरशासारख्या वस्तूचा फोटो म्हणजे त्या वस्तूला जे दिसतं त्याचा फोटो. दिवा कुठे ठेवायचा, हे बाटलीला काय दिसायला हवं यावरून ठरतं.

नवख्याचा फोटो बहुतेक एकाच ठिकाणी फसतो. खरी काच प्लॅस्टिकसारखी दिसू लागते. याचं कारण परावर्तित प्रकाशाच्या प्रमाणात शोधून सापडत नाही. काचेचा अपवर्तनांक साधारण 1.52 असतो आणि ॲक्रिलिकचा 1.49. समोरून सरळ पडलेल्या प्रकाशापैकी दोन्हींचा पृष्ठभाग सुमारे 4 टक्केच परत पाठवतो. फरक असतो तो परतलेल्या प्रकाशाच्या आकारात. सॉफ्टबॉक्स थेट बाटलीच्या बाजूला उभा केला, तर काचेवर त्याचाच पांढरा चौकोन उमटतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच उजळ आणि कडेला कापल्यासारखा तुटणारा, जणू कुणी पांढरं स्टिकर चिकटवलंय. घरात खिडकीजवळ ठेवलेल्या बाटलीवर असं कधी होत नाही. तिथे आभाळाचा उजेड एका बाजूला दाट असतो, पडद्याकडे आणि भिंतीकडे तो हळूहळू विरत जातो. डोळ्याला काचेची ओळख आहे ती या विरत जाणाऱ्या उजेडातून.

हा उतार स्टुडिओत तयार करण्याचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे ट्रेसिंग पेपर. लाकडी चौकटीवर तो ताणून बाटलीच्या शेजारी उभा करायचा आणि दिवा त्याच्या मागे ठेवायचा. आता बाटलीला दिवा दिसत नाही, दिसतो तो उजळलेला कागद. कागदावरचा उजेड किती लवकर विरेल, हे दिवा आणि कागद यांच्यातल्या अंतरावर ठरतं. उघडा छोटा दिवा कागदापासून 20 सेंटीमीटरवर असेल, तर कागदाच्या सर्वांत उजळ जागेपासून 40 सेंटीमीटर बाजूला पडणारा प्रकाश जेमतेम अकराव्या हिश्श्याइतका उरतो. तोच दिवा एक मीटर मागे नेला, तर त्याच जागी पाचातले चार हिस्से प्रकाश शिल्लक राहतो. म्हणजे दिवा जवळ आणला की उतार तीव्र होतो, लांब नेला की कागद जवळजवळ सपाट पांढरा होतो आणि स्टिकर पुन्हा अवतरतं. हे एवढं अंतर हातात आलं, की अर्धं काम झालं.

एक साधं उदाहरण घेऊ. सुमारे 10 सेंटीमीटर उंचीची चौकोनी बाटली, तिचा तळ जाड काचेचा, कडा तिरप्या घासलेल्या, आत मधाच्या रंगाचं अत्तर आणि वर सोनेरी धातूचं गोल टोपण. कॅमेरा एक मीटरवर, 100 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स लावलेली. बाटली हातमोजे घालून मायक्रोफायबरच्या कापडाने पुसलेली, कारण काचेवरचा बोटाचा ठसा दिव्यात लख्ख दिसतो.

कागद नेमका कुठे उभा करायचा, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा एक युक्ती कामी येते. खोलीत अंधार करून टॉर्च लेन्सच्या जागी धरायची आणि बाटलीवर झोत टाकायचा. काचेवरून परावर्तित होऊन तो झोत भिंतीवर, छतावर जिथे जिथे पडेल, त्या दिशा म्हणजे बाटलीच्या पृष्ठभागाला कॅमेऱ्यासाठी दिसणारी जागा. प्रकाशाचा मार्ग उलटाही तोच असल्यामुळे, कागद त्याच दिशांना यायला हवा. आपल्या बाटलीची डावी तिरपी कड डावीकडे थोडं मागे बघते; कागद तिथे, बाटलीपासून साधारण 30 सेंटीमीटरवर. कागदाचा सर्वांत उजळ भाग मागच्या टोकाकडे ठेवला की चमक मागून सुरू होते आणि कॅमेऱ्याच्या दिशेने मावळत येते.

उजवीकडे मात्र दुसरा कागद आणि दुसरा दिवा तसाच मांडण्याचा मोह टाळलेला बरा. दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचे पांढरे पट्टे आले की बाटली स्वस्त कॅटलॉगमधली वाटू लागते. थर्माकोलची बोटभर रुंद पट्टी उजव्या कडेजवळ उभी केली, तर डावीकडचाच प्रकाश तिच्यावरून फिरून येतो आणि एक बारीक, मंद रेघ देतो. शिवाय पार्श्वभूमी फिकट असेल, तर काचेची कड तिच्यात विरघळून जाते. कडेपाशी काच प्रकाशकिरण इतके वाकवते, की तिथून मागचं न दिसता बाजूचं दिसतं. म्हणून चौकटीच्या जरा बाहेर, दोन्ही बाजूंना काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या उभ्या करतात. त्या फोटोत दिसत नाहीत, पण बाटलीच्या कडेवर एक बारीक काळी रेघ उतरते आणि काचेची जाडी लगेच जाणवते.

आतलं अत्तर बहुधा काळपट येतं, कारण मागे उजेडच नसतो. तिथे बाटलीच्या आकारापेक्षा किंचित लहान कापलेला सोनेरी कागद बाटलीमागे दोन-तीन सेंटीमीटरवर, थोडा तिरका टेकवतात आणि वरून बारीक झोत फक्त त्याच्यावर सोडतात. द्रव आतून पेटल्यासारखा दिसतो. कागदाची कड काचेतून दिसली, तर तो आणखी लहान कापायचा. द्रवाच्या एकाच कोपऱ्यात रंग फुलला, तर कागदाचा कोन बदलायचा.

सगळ्यात हट्टी भाग म्हणजे टोपण. चकचकीत धातू काचेपेक्षा किती तरी जास्त प्रकाश परत पाठवतो, त्यामुळे काचेवर सौम्य दिसणारा तोच कागद टोपणावर पांढराफेक होतो, तपशील जळून जातात. पोलरायझर फिल्टर इथे मदतीला येत नाही. तो काचेवरची चमक कमी करू शकतो, सुमारे 56 अंशांच्या कोनात तर ती जवळजवळ पुसतो, पण धातूच्या थेट चमकेवर त्याचा फारसा इलाज चालत नाही. आणि काचेवरची सगळी चमक पुसली, तर बाटली निर्जीव दिसते, म्हणून या कामात तो जपूनच वापरावा लागतो.

त्यामुळे बाटली, द्रव, लेबल आणि टोपण यांचे वेगवेगळे फोटो काढून ते संगणकावर एकत्र जोडण्याची पद्धत रूढ आहे. कॅमेरा आणि बाटली तसूभर हलवायची नाही, फक्त दिवे बदलायचे. खरा धोका या जोडकामात असतो. टोपणाचा फोटो घेताना कुणी कागद उजवीकडे नेला, तर टोपणावरची चमक डावीकडे विरत जाते आणि खालच्या बाटलीवरची उजवीकडे. पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, फोटो खोटा वाटतो एवढंच. हे तपासायला फोटो मोठा करून टोपणावरची सर्वांत उजळ जागा आणि बाटलीच्या खांद्यावरची सर्वांत उजळ जागा, दोन्ही एकाच दिशेला आहेत का ते बघतात. तशा नसतील, तर टोपणाचा फोटो पुन्हा घेतात. कागद जागच्या जागी ठेवून फक्त दिव्याची ताकद कमी करायची, आणि टोपणाला उंची जास्त लागत असेल, तर त्याच कागदाला वरून आणखी एक तुकडा जोडायचा.