देवयानीशी टक्कर अजून ठरलेली नाही

देवयानी दीर्घिका चारशे कोटी वर्षांनी आपल्या आकाशगंगेवर आदळणार, असे २०१२ पासून पुस्तकांत, माहितीपटांत आणि शाळांमधल्या भाषणांत ठामपणे सांगितले जाते. त्या वर्षी हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून ही टक्कर अटळ असल्याचे नासाने जाहीर केले होते. जून २०२५ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातले टिल सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच हिशेब पुन्हा मांडला, आणि पुढच्या हजार कोटी वर्षांत दोघींचे विलीनीकरण होण्याची शक्यता साधारण निम्मीच निघाली. तेरा वर्षांत उत्तर एवढे कसे बदलले, हे कळण्यासाठी दोन दीर्घिका एकमेकींजवळ आल्या की नेमके काय होते तिथून सुरुवात करावी लागेल.

आकाशगंगा आणि देवयानी या दोन्ही सर्पिल दीर्घिका. त्यांचे बहुतेक तारे एका चपट्या तबकडीत, एकाच दिशेने केंद्राभोवती फिरतात. आपल्या तबकडीचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आहे आणि सूर्याला एक फेरी घालायला बावीस-तेवीस कोटी वर्षे लागतात. ताऱ्यांच्या जोडीला तबकडीत वायू आणि धूळ असते. सर्पिल भुजांमध्ये हा वायू दाटतो आणि त्यातून नवे तारे जन्मतात. त्यांतले सर्वांत जड तारे निळे, अतिशय तेजस्वी आणि अल्पायुषी असतात. म्हणूनच भुजा निळसर दिसतात. निळा रंग दिसला की तिथे तारे अजून जन्मत आहेत, असे खुशाल समजावे.

लंबवर्तुळाकार दीर्घिकेत यातले जवळपास काहीच नसते. कन्या राशीच्या दिशेला असलेली एम ८७ ही तिचे ठळक उदाहरण. तिच्यात तबकडी नाही, भुजा नाहीत. तारे वेगवेगळ्या प्रतलांत, वेगवेगळ्या दिशांनी फिरतात, त्यामुळे एकूण आकार फुगीर होतो. नवे तारे घडवणारा थंड वायू फारसा उरलेला नसतो, निळे तारे केव्हाच विझलेले असतात आणि मागे राहतो तो म्हाताऱ्या ताऱ्यांचा पिवळट-तांबूस उजेड.

शिस्तीत फिरणाऱ्या तबकडीतून असा विस्कळीत गोळा तयार होऊ शकतो का, या प्रश्नाला हात घालणारा पहिला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. १९४१ मध्ये स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी तो केला. तेव्हा संगणक नव्हते. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि गुरुत्वाकर्षणही अगदी तसेच घटते, हे त्यांनी हेरले. एका दीर्घिकेसाठी ३७ दिवे आणि दुसरीसाठी ३७, असे ७४ दिवे त्यांनी मांडले. मग एकेका दिव्याच्या जागी प्रकाशमापक ठेवून कोणत्या दिशेने किती उजेड येतो ते मोजले. तो उजेड म्हणजेच त्या जागी जाणवणारी ओढ. त्या हिशेबाने प्रत्येक दिवा थोडा सरकवायचा आणि पुन्हा सगळे मोजायचे. अशा चिकाटीच्या कामातून दिसले की जवळून जाताना दोन्ही तबकड्यांचे आकार बिघडतात, आणि त्या एकमेकींना बांधल्याही जाऊ शकतात.

१९७२ मध्ये अलार आणि युरी टूमरे या भावांनी हेच काम संगणकावर केले. चंद्राच्या ओढीने समुद्राला भरती येते, कारण पृथ्वीच्या जवळच्या बाजूला ओढ जास्त आणि लांबच्या बाजूला कमी असते. हाच फरक दीर्घिकेला ताणतो. तबकडीच्या कडेचे तारे आणि वायू लांब शेपटांच्या रूपाने बाहेर भिरकावले जातात. दुर्बिणीत दिसणाऱ्या विचित्र दीर्घिकांच्या शेपट्या टूमरे बंधूंच्या आकृत्यांशी हुबेहूब जुळल्या.

हस्त नक्षत्राच्या दिशेला, सुमारे सात कोटी प्रकाशवर्षांवर अशी एक जोडी आहे. तिला अँटेनी असे नाव पडले आहे. एनजीसी ४०३८ आणि ४०३९ या तिच्या दोन दीर्घिका एकमेकींत घुसलेल्या आहेत आणि दोन्हींतून एकेक लांब शेपूट निघाले आहे. दोन्हींचा वायू जिथे एकमेकांवर आपटतो तिथे धुळीचा दाट पट्टा आहे आणि त्यात तारे झपाट्याने जन्मत आहेत. हबल दुर्बिणीने तिथे हजाराहून अधिक तेजस्वी, तरुण तारकागुच्छ टिपले.

याच प्रक्रियेचा पुढचा टप्पा कुंभ राशीच्या दिशेला दिसतो. तिथल्या एनजीसी ७२५२ मध्ये दोन शेपट्या अजून शिल्लक आहेत, पण मध्यभाग एकच झाला आहे. फ्रान्स्वा श्वाइझर यांनी १९८२ मध्ये तिच्या केंद्रापासून बाहेर प्रकाश कसा कमी होत जातो ते मोजले. तो लंबवर्तुळाकार दीर्घिकांमध्ये ज्या नियमाने घटतो, त्याच नियमाने घटत होता. दोन शेपट्या म्हणजे मूळच्या दोन तबकड्यांचा पुरावा, आणि मध्यभाग मात्र लंबवर्तुळाकार. एकाच दीर्घिकेत भूतकाळ आणि भविष्य दोन्ही दाखवणारा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

टक्कर म्हटले की तारे ताऱ्यांवर आदळतील असे वाटते. तसे जवळपास होत नाही. सूर्य चार सेंटिमीटरच्या लिंबाएवढा मानून मुंबईत ठेवला, तर त्याच्या सर्वांत जवळचा तारा दिल्लीइतका लांब येईल. मधली सगळी जागा रिकामी. दोन दीर्घिकांचे तारे एकमेकांच्या मधून सहज निघून जातात.

मग त्या पलीकडे निघून न जाता एकत्र का येतात? प्रत्येक दीर्घिकेभोवती कृष्णद्रव्याचे प्रचंड वलय असते आणि तिचे बहुतेक वस्तुमान त्यातच असते. एक दीर्घिका दुसरीच्या वलयातून जाऊ लागली की वाटेतले द्रव्य तिच्याकडे ओढले जाते आणि तिच्या मागे गोळा होते. मागचा हा साठा तिला मागे खेचतो. तिची गती कमी होते आणि ती ऊर्जा सुट्या कणांच्या व ताऱ्यांच्या सैरावैरा हालचालीत वाटली जाते. दीर्घिका थोडी लांब जाते, परत येते, दरवेळी आणखी मंदावते आणि शेवटी दोघी एक होतात. गुरुत्वाकर्षणाचे क्षेत्र इतके झपाट्याने बदलत असते की ताऱ्यांच्या जुन्या कक्षा मोडून जातात. वायू केंद्राकडे कोसळतो, त्यातून ताऱ्यांचा एक मोठा बहर येतो आणि बराचसा वायू संपतो. मात्र वायू भरपूर असेल, तर उरलेल्यातून तबकडी पुन्हा उभी राहू शकते. प्रत्येक विलीनीकरणातून लंबवर्तुळच निघते असे नाही. आपली आकाशगंगाच याची साक्ष देते. गाया उपग्रहाच्या मोजमापांतून २०१८ मध्ये कळले की सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी तिने एक बऱ्यापैकी मोठी दीर्घिका गिळली होती. त्या दीर्घिकेचे तारे आजही लांबुळक्या कक्षांमध्ये फिरताना सापडतात, आणि तरीही आपली तबकडी शाबूत आहे.

एकत्र येण्यासाठी दोघींची वलये एकमेकींत पुरेशी खोल घुसली पाहिजेत. फार लांबून गेल्या तर मागे खेचणारा जोर क्षीण राहतो. देवयानीच्या बाबतीत सगळा प्रश्न इथेच अडतो.

ती आपल्याकडे येते आहे हे जुनेच ज्ञान आहे. अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ मध्ये तिच्या वर्णपटातल्या रेषा निळ्या बाजूला सरकलेल्या पाहिल्या आणि सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेग काढला. यातला बराच भाग सूर्याच्या स्वतःच्या फेरीमुळे आहे. तो वजा केला की दोन दीर्घिका सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने जवळ येताना दिसतात. अंतर २५ लाख प्रकाशवर्षे आहे.

वर्णपटातून फक्त आपल्या दिशेचा वेग कळतो. आडवा वेग कळायला तारे आकाशात किती सरकले ते पाहावे लागते, आणि एवढ्या अंतरावरून ते सरकणे अतिसूक्ष्म असते. रूलंड व्हॅन डर मारेल यांच्या गटाने हबलची पाच ते सात वर्षांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे ताडून पाहिली. देवयानीच्या हजारो ताऱ्यांच्या जागा त्यांनी पार मागच्या, जवळपास स्थिर दिसणाऱ्या दीर्घिकांच्या तुलनेत मोजल्या. सरकणे होते चित्रातल्या एका बिंदूच्या शंभराव्या भागाहूनही कमी. त्यातून आडवा वेग सेकंदाला फक्त १७ किलोमीटर निघाला, म्हणजे जवळजवळ समोरासमोर धडक. २०१९ मध्ये त्याच गटाने गायाची मोजमापे वापरली तेव्हा तो ५७ च्या आसपास आला. दोन्ही आकड्यांमधली अनिश्चितता मोठी होती. पण आडवा वेग थोडा वाढला तरी सर्वांत जवळ येतानाचे अंतर बरेच वाढते.

सावाला यांच्या गटाने ही अनिश्चितता लपवली नाही, उलट तिलाच हिशेबात घेतले. वेग, अंतरे आणि वस्तुमाने त्यांच्या चुकीच्या मर्यादेत बदलून त्यांनी लाखभर वेळा गणिते चालवली. शिवाय दोन शेजारी जोडले. देवयानीजवळची, त्रिकोण तारकासमूहात दिसणारी एम ३३ दीर्घिका टक्करीची शक्यता वाढवते. आकाशगंगेभोवती फिरणारा मोठा मॅगेलन मेघ ती घटवतो. हा मेघ दिसायला लहान असला तरी त्याचे वस्तुमान आकाशगंगेच्या दहा टक्क्यांहून जास्त आहे, आणि त्याची कक्षा देवयानीच्या वाटेला जवळपास काटकोनात असल्याने तो आपल्याला बाजूला ओढतो. चौघांचा एकत्रित निकाल निम्मा-निम्मा लागला. चारशे-पाचशे कोटी वर्षांतच टक्कर होण्याची शक्यता तर दोन टक्क्यांच्या आसपास राहिली.

टक्कर झालीच, तर दोघींची मिळून बहुधा एक मोठी लंबवर्तुळाकार दीर्घिका होईल आणि दोघींच्या केंद्रांतली कृष्णविवरे कालांतराने एकमेकांत मिसळतील. सूर्यमाला फुटणार नाही. तिची जागा मात्र बदलेल, बहुधा केंद्रापासून आणखी दूर. पृथ्वीला त्याने फरक पडणार नाही, कारण सूर्य हळूहळू अधिक तेजस्वी होतो आहे आणि साधारण शंभर कोटी वर्षांत इथले समुद्र टिकणार नाहीत.

मॅगेलन मेघ आकाशगंगेत विलीन होईल हे मात्र जवळपास निश्चित मानले जाते, आणि तेही सुमारे दोनशे कोटी वर्षांतच. देवयानीबद्दल अधिक पक्के उत्तर आडव्या वेगाच्या पुढच्या मोजमापांतूनच येईल. गायाने जानेवारी २०२५ मध्ये निरीक्षणे थांबवली, पण तिच्या नोंदींचा मोठा भाग अजून प्रसिद्ध व्हायचा आहे. तोवर कोणी टक्करीची तारीख सांगितली, तर आडवा वेग किती धरला आहे, हे त्यांना जरूर विचारा.