स्प्लिटर लावला की पडदा काळा का पडतो?

स्ट्रीमिंग बॉक्सचा मेनू टीव्हीवर स्वच्छ दिसतो, पोस्टर सरकतात, पण चित्रपट लावताच पडदा काळा पडतो. तोच बॉक्स थेट टीव्हीला जोडला तर चित्रपट विनातक्रार चालतो. असे झाले की दोष बहुधा इंटरनेटचा नसतो. मधल्या स्प्लिटरपाशी किंवा स्विचपाशी एचडीसीपीचा हँडशेक अडलेला असतो.

एचडीसीपी ही इंटेलने तयार केलेली संरक्षण पद्धत आहे. एचडीएमआय केबलमधून जाणारे चित्र आणि आवाज ती सांकेतिक रूपात बदलते, जेणेकरून मधेच कोणी नक्कल उतरवून घेऊ नये. अनेक उपकरणे मेनूला हे संरक्षण लावत नाहीत, चित्रपटाला मात्र ते बंधनकारक असते. म्हणून मेनू दिसतो आणि चित्रपट दिसत नाही.

जुन्या, म्हणजे १.४ पर्यंतच्या आवृत्तीत प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच ४० गुप्त किल्ल्या आणि एक उघड ओळखक्रमांक दिलेला असतो. हा क्रमांक शून्य-एक अशा ४० अंकांचा असून त्यात नेमके २० एक असतात. बॉक्स आणि टीव्ही आपापले क्रमांक एकमेकांना कळवतात. टीव्हीच्या क्रमांकात जिथे जिथे एक आहे, त्या त्या जागेवरच्या स्वतःच्या किल्ल्या बॉक्स निवडतो आणि त्यांची बेरीज करतो. टीव्हीही बॉक्सच्या क्रमांकावरून तसेच करतो. किल्ल्यांची रचनाच अशी असते की दोन्ही बेरजा सारख्या येतात, आणि ही बेरीज केबलमधून कधीच जात नाही. तिच्यावरून काढलेले उत्तर जुळले तरच संरक्षित चित्र सुरू होते. पुढेही साधारण दर दोन सेकंदांनी ताळा घेतला जातो. तो चुकला तर हँडशेक पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. २०१० मध्ये या पद्धतीची मूळ किल्लीच फुटली. आता ४के चित्रपटांसाठी मागितली जाणारी २.२ आवृत्ती निराळी आहे. तिच्यात टीव्ही सही केलेले प्रमाणपत्र दाखवतो, शिवाय तो खरोखर जवळच आहे याची खात्री पटावी म्हणून त्याचे उत्तर २० मिलिसेकंदांच्या आत यावे लागते.

आता मधे स्प्लिटर आला की काय होते ते पाहू. हँडशेक दोघांतच होतो, आणि स्प्लिटरच्या पुढे तर दोन टीव्ही असतात. साध्या स्प्लिटरने नुसता सिग्नल वाटला तर बॉक्सची बोलणी एकाच टीव्हीशी होतात. दुसऱ्याकडे सांकेतिक चित्र पोहोचते, पण ते उलगडायची किल्ली नसते. रीतसर बनवलेला स्प्लिटर बॉक्सपुढे टीव्हीसारखा आणि प्रत्येक टीव्हीपुढे बॉक्ससारखा वागतो. तो चित्र उलगडतो, प्रत्येकासाठी पुन्हा सांकेतिक करतो आणि पुढे कोण कोण जोडले आहे याची यादी बॉक्सला कळवतो.

गोची या यादीत असते. समजा हॉलमध्ये नवा ४के टीव्ही आहे, आतल्या खोलीत जुना फुल एचडी टीव्ही आहे आणि दोन्ही एकाच स्प्लिटरवर आहेत. जुन्या टीव्हीला १.४ पर्यंतच कळते. पुढे १.x चे उपकरण आहे, असा इशारा स्प्लिटर बॉक्सला देतो. ४के चित्रपटावर फक्त २.२ ची अट लागू असेल, तर नियमानुसार तो जुन्या टीव्हीकडे पाठवताच येत नाही. जुना पडदा काळा पडतो. काही बॉक्स एवढ्यावर न थांबता दोन्ही पडद्यांसाठी दर्जा उतरवतात किंवा चित्रच बंद करतात. हॉलमधल्या टीव्हीत काही खोट नसताना त्यालाही त्याचा फटका बसतो.

स्विचचे दुखणे वेगळे. तिथे टीव्ही एक आणि बॉक्स अनेक. बटण दाबले की नव्या बॉक्सचा हँडशेक नव्याने व्हायला हवा, म्हणून दोन-तीन सेकंदांचा काळोख स्वाभाविक आहे. काही स्वस्त स्विच बॉक्सला टीव्ही तुटल्याचे किंवा परत जोडल्याचे कळवतच नाहीत. मग बॉक्स जुन्याच हिशेबाने पाठवत राहतो, टीव्हीचा हिशेब जुळत नाही आणि पडदा काळाच राहतो. अशा वेळी आधी टीव्ही, मग स्विच आणि शेवटी बॉक्स या क्रमाने सुरू केल्यास बऱ्याचदा काम भागते.

दोष कुठे आहे हे शोधायला एक सोपी चाचणी पुरते. आधी बॉक्स थेट टीव्हीला जोडावा. चित्र आले तर स्प्लिटर परत लावून जुन्या टीव्हीची केबल काढावी. आता हॉलमध्ये चित्र आले तर अडसर त्या जुन्या टीव्हीचाच आहे. तरीही काळे राहिले तर स्प्लिटर २.२ चा नाही किंवा टीव्हीचे ते पोर्ट २.२ चे नाही, कारण सुरुवातीच्या काही ४के टीव्हींत सगळी पोर्ट २.२ ची नसत. अशा वेळी महागडी केबल घेऊन काही होत नाही. खरेदी करताना खोक्यावर ‘4K’ लिहिलेले पुरेसे मानू नये, ‘HDCP 2.2’ लिहिले आहे का ते पाहावे.