गाडी का लागते?

शाळेची सहल निघाली की शिक्षकांच्या पिशवीत काही गोष्टी ठरलेल्या असतात. हजेरीपट, प्रथमोपचाराची पेटी, लिंबे आणि रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. या पिशव्या कशासाठी ते सांगायला नको. घाट सुरू झाला की पाच-सहा मुले गप्प होतात, एकदोघे जांभया देऊ लागतात, कोणाचा चेहरा पांढरा पडतो, तोंडाला पाणी सुटते, कपाळावर गार घाम येतो. आणि मग पुढचे. याला आपण ‘गाडी लागणे’ म्हणतो. पण त्याच गाडीत, त्याच वळणांवर, तेवढेच हेलकावे खात एक मनुष्य बसलेला असतो आणि त्याला गाडी सहसा कधीच लागत नाही. तो म्हणजे ड्रायव्हर. हा फरक का पडतो, हे समजले तर गाडी लागण्याचे कारणही समजते आणि उपायही सापडतात.

पुष्कळांची समजूत असते की गाडी लागणे हा पोटाचा विकार आहे: पोट हलते, त्यातले अन्न हलते, म्हणून उलटी होते. तसे असते तर धावणाऱ्या किंवा दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुलांना सर्वांत जास्त उलट्या व्हायला हव्या होत्या. या त्रासाचे मूळ कानात आहे. १९६०च्या दशकात अमेरिकी नौदल आणि अंतराळ संशोधन संस्था यांच्यासाठी काम करणाऱ्या संशोधकांनी गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातील अकरा पुरुषांवर प्रयोग केले. त्यांतील बहुतेकांची श्रवणशक्ती लहानपणी मेंदूज्वराने गेली होती, आणि तिच्याबरोबर अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणाही निकामी झाली होती. नोवा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीतून नेले, तेव्हा ही मंडळी निवांत पत्ते खेळत बसली. त्यांचे निरीक्षण करायला गेलेले संशोधकच इतके आजारी पडले की प्रयोग आवरता घ्यावा लागला! उलट, दृष्टिहीन व्यक्तींना मात्र गाडी लागू शकते. म्हणजे डोळे नसले तरी हा त्रास होतो. अंतर्कर्णाची तोलयंत्रणा नसेल तर होत नाही.

ही यंत्रणा दोन भागांची आहे. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी साधारण काटकोनात बसवलेल्या असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की नलिका वळते, पण द्रव जडत्वामुळे मागे राहतो. त्याच्या दाबाने नलिकेतील मऊ पडदा वाकतो आणि ‘डोके वळले’ असा संदेश मेंदूकडे जातो. वर्गात हे दाखवायला काचेचा पेला पुरतो. पेल्यात पाणी घेऊन त्यात चहापत्तीचे चार कण टाका आणि पेला जागच्या जागी झटकन फिरवा: पेला फिरतो, कण जवळजवळ तिथेच राहतात. पेला फिरवत राहिलात तर थोड्या वेळाने कणही फिरू लागतात, आणि पेला थांबवला तरी ते फिरतच राहतात. सारख्या वेगाने गोल फिरल्यावर फिरण्याची जाणीव विरते आणि थांबल्यावर उलट दिशेला फिरल्यासारखे वाटते, ते याच कारणाने. दुसरा भाग म्हणजे दोन छोट्या पिशव्या. त्यांत चिकट थरावर चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, सूक्ष्म स्फटिक असतात. गुरुत्वाकर्षण असो की गाडीने घेतलेला वेग, या स्फटिकांना दोन्ही सारखेच ओढतात. त्यामुळे ‘खाली कुठे आहे’ आणि ‘आपण पुढे-मागे, आजूबाजूला ढकलले जात आहोत का’ हे दोन्ही प्रश्न याच पिशव्यांकडे असतात, आणि दोन्हींची उत्तरे एकमेकांत मिसळलेली असतात.

कोल्हापूरहून रत्नागिरीला जाणारी एक बस घेऊ. मलकापूर मागे पडते आणि आंबा घाट लागतो. समजा, वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर बस ताशी पंचवीस किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सात मीटर वेगाने जात आहे. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे सूत्र दहावी-बारावीच्या मुलांना माहीत असते: ४९ भागिले २० म्हणजे सुमारे २.४५. गुरुत्व त्वरण ९.८, त्याचा हा चौथा हिस्सा. याचा अर्थ असा की वळणावर त्या स्फटिकांच्या दृष्टीने ‘खाली’ ही दिशा सुमारे चौदा अंशांनी वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकते. वळण काटकोनाचे असेल तर ते ओलांडायला साडेचार सेकंद लागतात. लगेच उलटे वळण येते आणि ‘खाली’ दुसऱ्या बाजूला चौदा अंश झुकते. मधल्या बाकावर पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्या मुलीचे डोळे काय सांगतात? पान स्थिर, समोरच्या बाकाची पाठ स्थिर, खाली म्हणजे पायांकडे. कान सांगतात की आपण एका बाजूला झुकलो, आता दुसऱ्या बाजूला. मेंदूला दोन साक्षीदारांकडून दोन जबान्या मिळतात, त्याही दर काही सेकंदांनी बदलणाऱ्या.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन आणि त्यांचे सहकारी ब्रँड यांनी १९७५ मध्ये आपल्या पुस्तकात हा विचार व्यवस्थित मांडला, आणि त्यात एक महत्त्वाची भर घातली. भांडण केवळ डोळे आणि कान यांच्यातले नसते. मेंदूने अनुभवावरून जी अपेक्षा बांधलेली असते तिच्याशीही ते असते. ड्रायव्हरचे कोडे येथे सुटते. चाक तोच वळवतो, ब्रेक तोच दाबतो. वळण येण्याआधीच त्याच्या मेंदूला काय होणार ते ठाऊक असते आणि कानातून तसाच संदेश येतो. एवढेच नव्हे, तर वळणावर ड्रायव्हरचे डोके आपसूक वळणाच्या आतल्या बाजूला झुकते. प्रवाशांची डोकी बाहेरच्या बाजूला फेकली जातात. रोल्निक आणि लुबो यांनी १९९१ मध्ये जोडीजोडीने माणसांना फिरत्या साधनावर बसवले. दोघांनाही अगदी एकच गती मिळत होती, पण नियंत्रण एकाच्या हाती होते. ज्याच्या हाती नियंत्रण नव्हते त्याला त्रास जास्त झाला.

सगळेच हेलकावे सारखे त्रासदायक नसतात. माणसांना वर-खाली हलवून केलेल्या प्रयोगांत पाच-सहा सेकंदांना एक हेलकावा ही गती सर्वांत वाईट ठरली. चालताना आपले डोके सेकंदाला सुमारे दोनदा वर-खाली होते, त्याचा काहीच त्रास होत नाही. म्हणून खडबडीत रस्त्यावरची खडखड हाडे खिळखिळी करते, पण मळमळ आणते ती मऊ स्प्रिंगांची, संथ झुलणारी गाडी आणि एकामागून एक येणारी वळणे.

या गोंधळातून उलटीच का व्हावी, याचे खात्रीचे उत्तर अजून नाही. ट्रिसमन यांनी १९७७ मध्ये सुचवले की विषारी पदार्थ खाल्ल्यावरही डोळे आणि कान यांचा मेळ बिघडतो, तेव्हा मेंदू या बिघाडाला विषबाधा समजून पोट रिकामे करायला लावत असावा. कल्पना आकर्षक आहे. सिद्ध झाली असे आम्ही म्हणणार नाही. व्यक्तिव्यक्तींत फरक का, याचे उत्तरही अर्धेच मिळते. दोन वर्षांखालील मुलांना गाडी सहसा लागत नाही. साधारण सहा-सात ते बारा वर्षांच्या मुलांना सर्वांत जास्त लागते, म्हणजे नेमकी आपल्या सहलीची मुले. स्त्रियांना पुरुषांपेक्षा आणि अर्धशिशी असणाऱ्यांना इतरांपेक्षा जास्त लागते. घराण्यातही हे चालत येते. तेव्हा ‘नाटके करते’ हा शेरा अशा मुलीवर अन्याय करणारा आहे.

आता उपाय. ते सगळे एका वाक्यात सांगता येतात: प्रवाशाला शक्य तितके ड्रायव्हरसारखे करा. १९९९ मध्ये टर्नर आणि ग्रिफिन यांनी इंग्लंडमधील तीन हजारांहून अधिक बसप्रवाशांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना पुढचा रस्ता दिसत नव्हता त्यांच्यात त्रासाचे प्रमाण रस्ता नीट दिसणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. बसच्या मागच्या भागात आजूबाजूचे हेलकावेही जास्त बसतात. म्हणून ज्यांना गाडी लागते अशा मुलांना पुढच्या बाकांवर, समोरची काच दिसेल असे बसवावे. बाजूच्या खिडकीतून जवळची पळती झाडे पाहण्यापेक्षा समोर दूरवरचा रस्ता पाहावा. डोके पाठीला टेकून स्थिर ठेवावे, आणि वळण येताना ड्रायव्हरप्रमाणे आतल्या बाजूला किंचित झुकावे. जपानमधील प्रयोगांत याचाही उपयोग दिसला आहे. पुढे जागा नसेल तर डोळे मिटणे हे वाचण्यापेक्षा नक्कीच बरे. संथ, मोजून घेतलेल्या श्वासांनीही काही वेळ त्रास लांबतो. एका प्रयोगात हा फायदा औषधाच्या सुमारे निम्मा आढळला.

औषधांबाबत नेहमी होणारी चूक वेळेची असते. मळमळ सुरू झाली की जठर आतले पदार्थ पुढे आतड्यात ढकलणे जवळजवळ थांबवते. गोळी आतड्यात पोचली नाही तर रक्तात जाणार कशी? म्हणून गोळी निदान तासभर आधी घ्यायला हवी. आंबा घाटासाठी ती कोल्हापूर सोडतानाच घ्यायची, घाटाच्या तोंडाशी नव्हे. प्रोमेथाझिन, सिनारिझिन यांसारखी औषधे मेंदूवर काम करतात, म्हणूनच गुंगीही आणतात. ॲलर्जीवरच्या गुंगी न आणणाऱ्या नव्या गोळ्या येथे उपयोगी पडत नाहीत. इतर उलट्यांवर गुणकारी असलेले ऑन्डान्सेट्रॉनही गाडी लागण्यावर निष्प्रभ ठरते. हायोसिन हे सर्वांत प्रभावी औषधांपैकी एक. ते आपल्या धोतऱ्यातही असते, पण धोतरा हे घातक विष आहे, हे मुलांना त्याच वेळी सांगावे. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलाला देत नाहीत. इतर मुलांनाही कोणती गोळी किती द्यायची ते डॉक्टरांनी ठरवावे, आणि पालकांच्या लेखी परवानगीशिवाय शिक्षकांनी ती देऊ नये.

आलेपाक चघळून काहींना बरे वाटते. आल्यावरच्या प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. अपाय नाही, म्हणून आमची हरकत नाही. मनगटावर दाब देणाऱ्या पट्ट्यांचा पुरावा त्याहून दुबळा आहे. बसायच्या जागेवर वर्तमानपत्र अंथरण्याला काहीच आधार नाही. पण ज्या मुलाचा त्यावर विश्वास आहे त्याचा कागद घाटाच्या मध्यावर काढून घेऊ नये: उलटी होणारच ही धास्ती त्रास वाढवते. उपाशीपोटी बसवणे आणि मलकापूरला तेलकट वडे खाऊ घालणे, दोन्ही टाळावे. पोळी, बिस्किटे असे थोडे आणि कोरडे द्यावे.

इतके करूनही एखाद्या मुलाला जांभया येऊ लागल्या, चेहरा उतरला, तर उलटीची वाट न पाहता सुरक्षित जागी गाडी थांबवावी आणि त्याला मोकळ्या हवेत स्थिर जमिनीवर पाच-दहा मिनिटे बसू द्यावे. शक्य असेल तर आडवे करावे. उलटी झाली की बरे वाटते, पण घाट शिल्लक असेल तर त्रास पुन्हा सुरू होऊ शकतो. पाणी घोटघोट द्यावे. परतीच्या प्रवासात त्या मुलाची जागा आधीच ठरवून ठेवावी: पहिला बाक, समोरची काच.