पावडर एकच, पण पाळी कुठली?

लिंबू पिळून दूध नासवलं की पांढरा चोथा एकीकडे होतो आणि हिरवट पाणी दुसरीकडे, हे आपल्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जिममध्ये जाणारी मुलं ज्या दोन पावडरींवरून वाद घालतात, त्या मुळात याच दोन भागांतल्या. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं. चोथा मुख्यतः त्याचाच. उरलेलं २० टक्के म्हणजे व्हे. बाजारातलं व्हे बहुतेक वेळा चीज करताना सुटणाऱ्या पाण्यापासून बनवतात. ते बारीक गाळण्यांतून गाळून, आटवून वाळवतात. (पनीरचं पाणी प्यायलं की तेच मिळतं, असं मात्र समजू नका. त्यात प्रथिनं फारच थोडी असतात.)

लिंबानं पातेल्यात जे घडतं, तेच जठरातल्या आम्लानं पोटात घडतं. केसीनच्या गुठळ्या होतात आणि त्या हळूहळू पुढे सरकतात. व्हे पातळच राहतं आणि लवकर आतड्यात उतरतं. फ्रेंच संशोधकांनी १९९७ साली हे मोजून दाखवलं. उपाशीपोटी व्हे दिलं, तेव्हा रक्तातली अमिनो आम्लं झपाट्यानं वाढली आणि चारेक तासांत पूर्वपदावर आली. केसीननंतरची वाढ कमी होती, पण ती सात तासांनीही टिकून होती. यातला ‘उपाशीपोटी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पोटात दोन तासांपूर्वीचं जेवण असेल, तर ते अजून पचतच असतं आणि मग व्हेच्या घाईला फारसा अर्थ उरत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाचं उदाहरण घेऊ. वय २३, वजन ६५ किलो, नोकरी एमआयडीसीतल्या कारखान्यात. जिममधल्या कुणाच्या तरी सल्ल्यानं त्यानं सकाळसाठी व्हे आणि रात्रीसाठी केसीन असे दोन डबे घेतले होते. पगाराचा चांगलाच भाग त्यात जात होता आणि घरी त्यावरून रोज कुरबुर चालायची. आम्ही आधी हिशेब मांडला. स्नायू वाढवण्यासाठी दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम धरले, तर त्याला दिवसाला १०४ ग्रॅम प्रथिनं हवीत. पोळ्या, वरण, उसळ, तीन अंडी, अर्धा लिटर दूध आणि कॅन्टीनचे पोहे मिळून ८५ ग्रॅमच्या आसपास होत होते. म्हणजे तूट वीस ग्रॅमची. ती एका चमच्यानं, डब्यातल्या मोठ्या चमच्यानं, भरून निघते. दुसऱ्या डब्याची गरज नव्हती.

तो चमचा कधी घ्यायचा, हे त्याच्या पाळीवर ठरलं. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तो पहाटे पाच ते सहा व्यायाम करतो. आदल्या रात्रीचं जेवण साडेआठचं आणि कॅन्टीनचा नाश्ता साडेनऊला, म्हणजे मध्ये तेरा तासांची पोकळी. इथे व्हे शोभतं. सहा वाजता पाण्यातून घेतलं, की ते लगेच उपयोगी पडतं आणि बसमध्ये पोट जडही वाटत नाही.

दुसऱ्या पाळीत चित्र उलटं होतं. व्यायाम सकाळी अकराला आणि साडेबाराला भरपेट जेवण, त्यामुळे व्यायामानंतर पावडरची घाई नाही. पण कॅन्टीनचं रात्रीचं जेवण आठला, घरी पोचायला साडेबारा आणि उठायला आठ. या लांब रात्रीसाठी हळू पचणारं प्रथिन बरं. मी त्याला केसीनऐवजी शंभर ग्रॅम पनीर सांगितलं. त्यात सुमारे १८ ग्रॅम प्रथिनं असतात आणि तीही बहुतांशी केसीनचीच.

झोपण्यापूर्वीच्या केसीनची ख्याती नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या २०१२ च्या प्रयोगामुळे वाढली. तिथे संध्याकाळी वजनं उचललेल्या तरुणांना ४० ग्रॅम केसीन दिलं आणि रात्रभरात स्नायूंची बांधणी वाढलेली आढळली. पण तुलना होती ती काहीच न घेणाऱ्यांशी. पुढे २०२३ मध्ये सायकलिंगसारख्या दमाच्या व्यायामानंतर झोपताना व्हे आणि केसीन दोन्ही देऊन पाहिलं, तेव्हा दोहोंत फरक दिसला नाही. म्हणून घरात व्हेचाच डबा असेल, तर केवळ रात्रीसाठी दुसरा आणू नये, असं माझं मत आहे.

आणखी एक गंमत. बरेच जण व्हे दुधात घुसळून पितात आणि वर ‘फास्ट’ म्हणून मिरवतात. पेलाभर, म्हणजे २५० मिलि दुधात सहा-साडेसहा ग्रॅम केसीन आलंच, शिवाय साय. वेग मंदावतोच. दिवसाच्या बेरजेला त्यानं बाधा येत नाही, पण पहाटेच्या व्यायामानंतर पोट डब्ब होत असेल, तर आधी दूध बंद करून पाण्यातून घेऊन पाहावं. तरीही गॅस होत राहिला, तर दोष बहुधा दुधातल्या साखरेचा, म्हणजे लॅक्टोजचा असतो. साध्या ‘कॉन्सन्ट्रेट’मध्ये ती बऱ्यापैकी असते, ‘आयसोलेट’मध्ये अगदी थोडी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातला कुठलाच डबा उघडू नये.