हनुवटीवरचे पिंपल्स आणि पाळीच्या तारखा

हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने खोल, दुखरे फोड येतात. दाबले तर आत गाठ लागते. एक बरा झाला की त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, आणि तोवर शेजारी दुसरा उठलेला असतो. हनुवटीखाली पूर्वी नुसती लव होती, तिथे आता जाड काळे केस दिसतात. वयात येतानाचे पिंपल्स कपाळावर आणि गालांवर जास्त असतात आणि पुढे बहुतेकींचे कमी होतात. विशी उलटल्यावरही चेहऱ्याच्या खालच्या भागात फोड येत राहिले, सोबत केस वाढले आणि पाळी लांबू लागली, तर पीसीओएसची शंका घ्यायला हवी.

पीसीओएसमध्ये टेस्टोस्टेरॉनसारखे अँड्रोजेन हार्मोन्स गरजेपेक्षा जास्त काम करतात. हे हार्मोन्स प्रत्येक स्त्रीच्या शरीरात असतातच. पण अनेक जणींच्या शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता कमी होते, म्हणून शरीर ते जास्त प्रमाणात तयार करतं. वाढलेल्या इन्सुलिनमुळे अंडाशयातून अँड्रोजेन जास्त स्रवतात. शिवाय रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं, तेही कमी पडतं. मग मोकळं सुटलेलं टेस्टोस्टेरॉन त्वचेपर्यंत पोहोचतं. तिथल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, रंध्रं तुंबतात, त्यात जिवाणू वाढतात आणि सूज येते. तेच हार्मोन हनुवटी, वरचा ओठ, छाती आणि बेंबीखालच्या मुळांना जाड, काळा केस उगवायला लावतं. रक्तातलं प्रमाण थोडंच वाढलेलं असूनही एखादीला त्रास बराच होतो, कारण प्रत्येकीची त्वचा या हार्मोनला कमी-जास्त प्रतिसाद देते.

एक नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. मुलगी 23 वर्षांची आहे. पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते. हनुवटीचे केस ती पार्लरमध्ये थ्रेडिंग करून काढते. पिंपल्ससाठी कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने मेडिकलमधून एक गोरेपणाचं क्रीम आणलं. पहिल्या महिन्यात चेहरा खरंच उजळला. मग क्रीम थांबवलं की आग होऊ लागली, चेहरा लाल पडला, फोड वाढले आणि गालांवरही लव दाट झाली. अशा अनेक क्रीममध्ये बीटामेथासोनसारखं, क्लोबेटासोलसारखं किंवा मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असतं. ते सूज दाबतं, म्हणून सुरुवातीला गुण आल्यासारखा वाटतो. पण चेहऱ्यावर ते फार दिवस लावलं की त्यानेच फोड येतात आणि केसही वाढतात. म्हणजे ज्या दोन तक्रारींसाठी क्रीम आणलं, त्याच दोन वाढतात. क्रीमच्या ट्यूबवर ही नावं दिसली, तर ते स्वतःहून अचानक न सोडता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून बंद करावं.

डॉक्टर तिला आधी पाळीच्या तारखा विचारतील. अनियमित पाळी, अँड्रोजेन वाढल्याची लक्षणं किंवा रक्ततपासणी, आणि सोनोग्राफीत दिसणारी अंडाशयाची ठेवण, या तीनपैकी दोन गोष्टी आढळल्या आणि दुसरी कारणं वगळली गेली, तर प्रौढ स्त्रीत पीसीओएसचं निदान होतं. या मुलीची पाळी अनियमित आहे आणि केस वाढलेले आहेत. त्यामुळे सोनोग्राफीवाचूनही निदान होऊ शकतं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि अधिवृक्क ग्रंथीचे आजार मात्र तपासून बाजूला काढावे लागतात. साखरेची तपासणीही करतात, कारण पीसीओएसमध्ये मधुमेहाचा धोका वाढतो. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला किंवा टक्कल पडू लागलं, तर थांबू नये. क्वचित यामागे अंडाशयाची किंवा अधिवृक्क ग्रंथीची गाठ असते.

औषधं आतून काम करतात. मूल नको असेल तर डॉक्टर सहसा दोन हार्मोन्स असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुचवतात. त्यांनी पाळी नियमित येते आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी होतं. रक्तदाब, धूम्रपान, विशिष्ट प्रकारची अर्धशिशी किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल, तर त्या चालत नाहीत. केसांवर तेवढ्याने भागलं नाही, तर स्पायरोनोलॅक्टोन जोडतात. ते चालू असताना गर्भ राहता कामा नये, कारण मुलगा असल्यास त्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मेटफॉर्मिनचा मुख्य उपयोग इन्सुलिन आणि साखरेसाठी होतो. चेहऱ्याच्या केसांवर त्याचा फारसा भरवसा नसतो.

या औषधांना वेळ लागतो. पिंपल्समध्ये फरक दिसायला साधारण तीन महिने, तर केसांमध्ये सहा महिने किंवा जास्त जातात. एकेक केस उगवून गळायलाच महिने लागतात, आणि औषधाचा परिणाम पुढे उगवणाऱ्या केसावर दिसतो. बऱ्याच जणी दुसऱ्या महिन्यात औषध सोडतात, ते यामुळेच.

या मधल्या काळात त्वचेची निगा उपयोगी पडते. फेसवॉश सौम्य असावा आणि तो दिवसातून दोनदाच वापरावा. सारखा चेहरा धुतल्याने किंवा स्क्रबने घासल्याने तेलाचं उत्पादन कमी होत नाही, फक्त त्वचा चिडते. रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, 0.1 टक्के अॅडापॅलीन वाटाण्याएवढं घेऊन फोड येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ लावावं. नुसत्या फोडावर टिपका देऊन उपयोग नाही, कारण हे औषध रंध्रं तुंबू देत नाही, म्हणजे फोड येण्याआधी काम करतं. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड लावून वर मॉइश्चरायझर लावलं, तर सालं निघणं आणि आग होणं कमी होतं. सकाळी 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणूंवर काम करतं. त्याने टॉवेल आणि उशीचे अभ्रे फिके पडतात, म्हणून ते पांढरे वापरावेत. दिवसा किमान एसपीएफ 30 चं सनस्क्रीन हवं, कारण आपल्या त्वचेवर उन्हाने फोडांचे डाग गडद होतात. फरक ठरवायला बारा आठवडे द्यावेत. गर्भधारणेचा विचार असेल, तर अॅडापॅलीन थांबवावं.

केसांच्या बाबतीत मात्र क्रीमची मर्यादा आहे, आणि गोळ्यांचीही. जाड झालेला केस गोळ्यांनी गळून पडत नाही. तो काढावाच लागतो. वस्तरा किंवा ट्रिमर वापरल्याने केस जाड होत नाही. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला तसं वाटतं. उलट, फोड असलेल्या त्वचेवर वारंवार वॅक्सिंग आणि थ्रेडिंग केल्याने केस आत वळतात आणि डाग पडतात. कायमचे कमी करायचे असतील, तर लेझर आहे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर लांब तरंगलांबीचं एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित असतं. लेझरला केसाच्या मुळातला काळा रंग लागतो. म्हणून आधी महिनाभर थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग करू नये, शेव्हिंग चालतं. पांढऱ्या केसांवर ते चालत नाही, तिथे इलेक्ट्रोलिसिस करावं लागतं. सत्रं सहसा चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने होतात. हार्मोन आटोक्यात नसताना नुसतं लेझर केलं, तर नवी लव पुन्हा जाड होत राहते. पीसीओएसमध्ये क्वचित लेझरनंतर आजूबाजूचे बारीक केस वाढतात, त्यामुळे ते त्वचारोगतज्ज्ञांकडेच करावं.

म्हणून गोळ्या, क्रीम आणि लेझर यांतलं एक काही निवडायचा प्रश्न नाही. या मुलीला तीन महिन्यांनी फोड कमी झालेले दिसतील, सहा महिन्यांनी केसांची वाढ मंदावलेली कळेल, आणि वर्षभराने डाग व केस दोन्ही आटोक्यात येऊ शकतील, पण तिन्ही गोष्टी जोडीने चालल्या तरच. पिंपल्ससाठी डॉक्टरांकडे जाताना गेल्या सहा महिन्यांतल्या पाळीच्या तारखा लिहून न्या, आणि घरातलं प्रत्येक क्रीम पिशवीत घालून सोबत घ्या. निदानाची सुरुवात बऱ्याचदा या दोन गोष्टींपासून होते.